अंजिरासाठी सोलरवर कोल्ड रूम : ५ टनांच्या खोलीला नक्की किती किलोवॉट?

अंजीरवाला_पुरंदर · मंगळवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. सासवडपासून जवळच आमची दोन एकर अंजीर आणि एक एकर सीताफळ आहे. अंजीर तोडल्यावर दुसऱ्या दिवशी मऊ पडतं आणि तिसऱ्या दिवशी कुणी हात लावत नाही, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. बाजार पडला की मिळेल त्या भावात देऊन यावं लागतं. म्हणून शेडमध्ये १० बाय १० बाय ८ फुटांची छोटी कोल्ड रूम करायची आहे. माल चार दिवस जरी थांबला तरी माझं काम झालं.

शेतीच्या फीडरवर थ्री फेज दिवसाचे आठच तास, तेही कधी दिवसा कधी रात्री. त्यामुळे सोलरच करायचं ठरवलंय. तीन जणांकडून कोटेशन घेतली. एकाने ४ किलोवॉट पॅनेल लिहिलंय, दुसऱ्याने ६, तिसऱ्याने सरळ १०. खोली तिघांचीही तीच, "५ टन". यातलं खरं कोण? मिठा बहार मार्च ते मे, रोजचा माल साधारण ५०० किलो.

सोलरभाऊ_बारामती · मंगळवार, रात्री १०.१५

दादा, सोपा हिशोब आहे. टनाला एक किलोवॉट. ५ टनाला ५ किलोवॉट, वर थोडं ठेवायचं म्हणून ६. दहावाला तुम्हाला गंडवतोय. आणि तुमच्याकडे सौर कृषी पंप असेल तर नवीन पॅनेल घेऊच नका. ५ एचपीच्या पंपाची पॅनेल जवळजवळ ५ किलोवॉटची असतात. पाणी रोज थोडंच सोडता? त्यावरच कोल्ड रूम चालवा, खर्च निम्मा होईल.

थंडगार · बुधवार, सकाळी ७.०५

मी वीस वर्षं कोल्ड रूम बसवतो, दुरुस्तही करतो. दुरुस्तीची निम्मी कामं "टनाला एक किलोवॉट" या हिशोबाचीच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

५ टन म्हणजे खोलीत मावणारा माल. विजेला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. आधीच गार झालेला ५ टन माल नुसता ठेवायला अगदी थोडी वीज लागते. वीज खातो तो रोज येणारा गरम माल. त्यामुळे कोटेशनवाल्यांना दोनच गोष्टी विचारायच्या. रोज किती किलो, किती अंशाचा माल आत जाईल असं धरलंय? आणि तो किती तासांत गार होणार? तिघांची उत्तरं वेगळी असतील, म्हणून पॅनेलही वेगळी.

आता तुमचाच माल घेऊ. अंजिरात पाणी भरपूर, त्यामुळे एक किलो अंजीर एका अंशाने गार करायला साधारण साडेतीन किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तुमचे ५०० किलो ३२ अंशांवरून ४ वर आणायचे, म्हणजे २८ अंश. गुणाकार ४९,००० येतो. ३,६०० ने भागलं की साडेतेरा युनिट, कॅरेटसकट १४ धरा. ही विजेची युनिटं नव्हेत, खोलीतून बाहेर काढायच्या उष्णतेची आहेत. वीज नंतर काढू.

भिंतींतून येणारी उष्णता पफच्या, म्हणजे भिंतीतल्या उष्णता अडवणाऱ्या फोमच्या जाडीवर. खाली, वर आणि चारी बाजूंनी १०० मिमी पफ असेल तर उन्हाळ्यात दिवसाला ७ युनिट, ६० मिमी असेल तर साडेअकरा. फळ तोडल्यावरही श्वास घेतं, त्याची दीड. दार उघडणं आणि माणसांची ये-जा मिळून ३. आतल्या पंख्यांच्या मोटारीही खोलीतच तापतात, त्यांची ३. बेरीज साडेअठ्ठावीस. थोडी सैल ठेवून ३३.

४० अंशांच्या उन्हात बाहेरचं मशीन एका विजेच्या युनिटमागे जेमतेम दोन युनिट उष्णता उपसतं. कागदावर जास्त लिहितात, पण तो आकडा ३५ अंशांच्या हवेतला असतो आणि कंडेन्सर नवा कोरा असतो. म्हणजे कॉम्प्रेसरला साडेसोळा आणि पंख्यांना ३. दिवसाला २० युनिट वीज.

तुमच्या भागात मार्च ते मे एका किलोवॉट पॅनेलमागे पदरात सव्वाचार युनिट पडतात. वीसला पावणेपाच किलोवॉट. पण सगळी वीज त्याच क्षणी वापरली जात नाही, साठवताना काही जाते, धूळ असते. म्हणून ६.

सोलरभाऊ_बारामती · बुधवार, सकाळी ८.३०

म्हणजे शेवटी ६ च आलं ना! मी काय वेगळं सांगत होतो?

थंडगार · बुधवार, सकाळी ८.५०

आलं, पण योगायोगाने आलं भाऊ. हेच ५०० च्या जागी हजार किलो केलेत तर खोली तीच राहील आणि तुमचा हिशोब ६ च सांगत बसेल.

पंपाच्या पॅनेलबद्दल. पॅनेल चांगलीच असतात, अडचण कंट्रोलरची आहे. ढग आला की पंपाचा कंट्रोलर फ्रिक्वेन्सी खाली आणतो. पंपाचं काय, पाणी कमी येतं इतकंच. साध्या कॉम्प्रेसरला ५० च्या जागी २५ हर्ट्झ मिळाले तर त्याचं तेल पाइपात अडकतं, परत येत नाही आणि बेअरिंग जातं. अशी दोन कॉम्प्रेसर मी स्वतः कापून बघितलीत, आत कोरडी ठाक. पंपासोबत दुसरं यंत्र चालवायला बनवलेला युनिव्हर्सल कंट्रोलर वेगळा मिळतो. तरी योजनेतल्या पंपाला हात लावण्याआधी लेखी विचारा. आणि दादांच्या अंजिराला पाणी कधी लागतं? मार्च-एप्रिलमध्येच. दोघांना ऊन एकाच वेळी हवं.

रानमळा_संगमनेर · बुधवार, दुपारी १.२०

आमच्या बचत गटाची खोली आहे, अशीच १० बाय १०. आम्ही खर्च वाचवायला दीड टनाचा घरगुती एसी लावला आणि त्याला फसवून खाली नेणारा कंट्रोलर. ढोबळी मिरचीला ८ ते १० अंश लागतात, तिथे तीन वर्षं छान चाललं. मग कोथिंबीर ठेवायची म्हणून ४ वर लावलं आणि दुसऱ्या दिवशी एसीच्या जाळीवर बर्फाची गादी! हवा जाईना, खोली १२ वर. आता कोथिंबीर आली की दर दोन तासांनी कुणीतरी बंद-चालू करत बसतं.

दुसरं सांगायचं म्हणजे बसवणाऱ्याने चार भिंती आणि छताला पफ लावला आणि खाली नुसता कोबा ठेवला. "जमीन गारच असते ताई" म्हणाला. सकाळी अनवाणी आत गेलं की पाय गारठतात, म्हणजे आम्ही रात्रभर जमीन गार करत होतो!

थंडगार · बुधवार, दुपारी २.००

ताई, तुमच्याकडची जमीन वर्षभर २५-२७ अंशांची. खोलीच्या मानाने ती चूलच. कोब्यातून येणारी उष्णता चारही भिंतींच्या निम्म्याहून जास्त असेल. वरून पफ आणि त्यावर चेकर्ड प्लेट टाकता येईल. दाराचा उंबरा वाढतो, कॅरेट ओढताना त्रास होईल, पण करा.

एसीवरचा "टन" मालाच्या वजनाचा नसतो, गार करण्याच्या ताकदीचा असतो, आणि तोही खोली २५-२७ अंशांची असतानाचा. कॉइल उणे ५ वर चालवायची वेळ आली की दीड टनाचा जेमतेम एक टन उरतो. दादा, कोटेशनमध्ये "उणे ५ ला किती" हे लिहून घ्या. नाहीतर दीड टन सांगून एक टन देतील आणि कागदावर कुणीच खोटं बोललेलं नसेल.

हर्णैची_लाट · बुधवार, सायंकाळी ६.४५

सोलरवर बर्फ करायचा विषय दिसतोय म्हणून विचारते. आमच्या मासळीला रोज ५०० किलो बर्फ लागतो, फॅक्टरीतून आणेपर्यंत लादी निम्मी वितळते. ६ किलोवॉटमध्ये होईल का?

थंडगार · बुधवार, रात्री ८.१०

ताई, विषय खोलीचा आहे, बर्फाचा नाही. तरी सांगतो. ३० अंशांचं पाणी आधी शून्यावर आणायचं, मग गोठवायचं. खरा खर्च गोठवण्याचा. किलोमागे विजेचं एक-दशांश युनिट ते त्याहून थोडं जास्त. ५०० किलोला ५० ते ६० युनिट. म्हणजे १३ ते १५ किलोवॉट पॅनेल, सहा नाही. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे. पावसात पॅनेल झोपतात तेव्हा जून-जुलैला मासेमारी बंदी असते, म्हणजे सगळ्यात वाईट महिन्यांसाठी पॅनेल वाढवायला नकोत. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

अंजीरवाला_पुरंदर · बुधवार, रात्री ९.३०

थंडगार साहेब, फार उपकार झाले. पण एक कबूल करतो. ५०० किलो फक्त माझे. एप्रिलमध्ये माल एकदम पिकतो तेव्हा थोरल्या भावाचाही येणार, म्हणजे ९०० पर्यंत जाईल. आणि तोडणी पहाटे होते हे खरं, पण निवडून कॅरेट भरून शेडला यायला ११ वाजतात. तोवर बांधावर उन्हात असतात.

थंडगार · बुधवार, रात्री १०.०५

हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं की हो! आता उद्या एक काम करा. स्वयंपाकाचा टोकदार डिजिटल थर्मामीटर घ्या, तीन-चारशेला मिळतो. फळात देठाच्या बाजूने खुपसा आणि आकडा लिहा. झाडावरून काढल्या काढल्या, उन्हातल्या कॅरेटमधून ११ वाजता आणि एक कॅरेट मुद्दाम झाडाखाली ठेवून त्यातून. हवेचं तापमान नको, फळाच्या पोटातलं हवंय.

निवांत · गुरुवार, सकाळी ६.३०

वीज मंडळातून निवृत्त, त्यामुळे पहाटेच वाचतो. हिशोब योग्य आहे, पण रात्रीचं काय ते राहिलं. आणि कॉम्प्रेसर सुरू होताना पाच-सहापट करंट ओढतो. सव्वादोन किलोवॉटचं मशीन बघून ३ केव्हीएचा इन्व्हर्टर घेतला तर तो पहिल्याच स्टार्टला ट्रिप होईल. साधा कॉम्प्रेसर असेल तर साडेसात ते दहा केव्हीए, हळू सुरू होणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर पाचात भागेल. तो महाग पडतो, पण इन्व्हर्टरमध्ये पैसे परत मिळतात.

रात्रीसाठी लिथियम बॅटरी घ्या. बर्फाची टाकी वगैरे जुने प्रकार झाले.

थंडगार · गुरुवार, सकाळी ७.४०

काका, स्टार्टिंगचं अगदी बरोबर, मी लिहायला विसरलो. बॅटरीवर मात्र माझं मत वेगळं आहे.

रात्री माल येत नाही, दार उघडत नाही. संध्याकाळी साडेचार ते सकाळी नऊ भिंती, श्वास आणि पंखे मिळून ८ युनिट उष्णता. एक किलो बर्फ वितळताना ०.०९३ युनिट शोषतो, म्हणजे साधारण ८६ किलो बर्फ. सगळा कधीच उपयोगी येत नाही, म्हणून १५० किलो धरा. दिवसा ऊन फुकट जात असताना तो गोठवायचा. दहा वर्षांनीही तेच पाणी तोच बर्फ. बॅटरी फक्त पंख्यांना, दोन-अडीच युनिटची.

निवांत · गुरुवार, सकाळी ८.१५

आणि बर्फ शून्य अंशाचा, मग खोली किती अंशाची राहील? हवेला बर्फाकडे उष्णता द्यायची तर ती बर्फापेक्षा चार-पाच अंश गरम हवीच. ४ चा आकडा कागदावर ठेवा, पहाटे ५-६ दिसेल. शिवाय पाणी गोठवायला कॉइल उणे ८-१० वर न्यावी लागते, तिथे तुमचं "एकाला दोन" सुद्धा मिळत नाही. माझ्या हिशोबाने कॉम्प्रेसरला ४ आणि पंख्यांना २, म्हणजे ६ युनिट वापरता येतील अशी साडेसातची बॅटरी. काम स्वच्छ.

थंडगार · गुरुवार, सकाळी ९.००

पहाटे पाच दिसेल हे मान्य. उणे ३-४ ला गोठणारं मिठाचं द्रावण भरलं तर तोही प्रश्न सुटतो, पण ते गळलं की पत्रा खातं. अंजीर चार दिवस ठेवायचं तर ५ अंश मला चालतात. पंधरा दिवस ठेवायचं असतं तर काकांचं ऐकलं असतं. बॅटरीची माझी भीती वेगळी आहे. शेडमध्ये मे महिन्यात पत्र्याखाली ४५ अंश असतात, तिथे ती किती वर्षं टिकेल?

निवांत · गुरुवार, सकाळी ९.२०

मग पत्र्याखाली ठेवू नका! घरात भिंतीला लावा.

सोलरभाऊ_बारामती · गुरुवार, सकाळी ११.१०

पावसाळ्यात काय करणार ते कुणी सांगत नाही. आमच्याकडे जुलैत किलोवॉटला अडीच युनिट पडतात. मग १० किलोवॉटवालाच बरोबर निघाला की.

थंडगार · गुरुवार, दुपारी १२.३०

चांगला मुद्दा काढलात. पण पावसाळ्यात खोलीत सीताफळ असेल, अंजीर नाही. सीताफळ ४ अंशांवर ठेवून बघा, फ्रीजमधलं काळं पडतं तसं पडेल आणि नंतर पिकणारही नाही. त्याला १३-१४ अंश लागतात. बाहेर २५-२६, आत १४. भिंतींचा भार ७ वरून ३ वर येतो, ५०० किलो फळाचा पावणेसहावर. श्वासाचा मात्र वाढतो, सीताफळ अंजिराच्या तीन-चारपट धापा टाकतं. तरी बेरीज एकवीसच्या आसपास. आणि बाहेर गार असल्यामुळे मशीन एका युनिटला तीन उपसतं. पंख्यांसकट १० युनिट वीज. ६ किलोवॉट गुणिले अडीच म्हणजे १५. भागतंय.

तीन दिवस झड लागली तर किलोवॉटला एक युनिटही मिळत नाही, तिथे १० किलोवॉटसुद्धा पुरत नाही. त्यासाठी पॅनेल वाढवू नका. फीडरच्या लाईटवर किंवा जनरेटरवर टाकायला चेंजओव्हर ठेवा.

अंजीरवाला_पुरंदर · शुक्रवार, दुपारी २.१५

थर्मामीटर आणला. सकाळी साडेसातला झाडावरून काढलेलं फळ २३ अंश. ११ वाजता बांधावरच्या वरच्या कॅरेटमधलं ३४! त्याच कॅरेटच्या तळाचं ३१. आंब्याखाली गोणपाट टाकून ठेवलेल्या कॅरेटमध्ये २६. एकाच तोडणीचा माल, आठ अंशांचा फरक. भाऊ म्हणाला, "हे तर आजा पण सांगायचा, उन्हात ठेवू नका म्हणून."

थंडगार · शुक्रवार, दुपारी ३.००

आजाचा हिशोब आता आकड्यांत बघा. ९०० किलो ३४ अंशांचे आत गेले तर फळाचेच सव्वासव्वीस युनिट होतात. सगळं धरून दिवसाला २७ युनिट वीज. ६ किलोवॉट देतात साडेपंचवीस. रोज थोडं थोडं कमी पडेल आणि चौथ्या दिवशी खोली ९ वर दिसेल. तेच ९०० किलो २६ अंशांचे आले तर २३ युनिटात काम होतं, त्याच पॅनेलवर. आंब्याची सावली तुमचं एक किलोवॉट पॅनेल वाचवते.

मशीन मात्र उणे ५ ला दीड टन भरेल असंच घ्या. ९०० किलोच्या दिवशी ते साडेसात तास सलग चालेल, म्हणजे नऊ ते साडेचार. त्याहून लहान घेतलं तर ऊन संपलं तरी माल गरम राहील. फळं फटीफटीने रचा. भिंतीपासून चार बोटं सोडा. कॅरेट छतापर्यंत कोंबली तर मधलं फळ दुसऱ्या दिवशीही १५ वर असतं आणि दारावरचा डिस्प्ले ४ दाखवतो. तो हवेचा आकडा आहे, थर्मामीटर टाकून देऊ नका.

रानमळा_संगमनेर · शुक्रवार, दुपारी ४.४०

कॉम्प्रेसरला तासांचा मीटर पण लावून घ्या भाऊ. आमचा आधी दिवसाला ९ तास चालायचा, मग हळूहळू १३ झाला. आम्हाला वाटलं ऊन वाढलं. मेकॅनिकने कंडेन्सर धुतला, कांद्याच्या सालीचा थर निघाला. परत ९.

अंजीरवाला_पुरंदर · शनिवार, रात्री ८.५०

तिघांनाही आज फोन करून साहेबांनी सांगितलेले दोन प्रश्न विचारले. ४ किलोवॉटवाल्याने माल २० अंशांवर धरलाय, "प्री-कूल्ड येईल" असं म्हणतो. कुठून येईल ते सांगेना. १० वाल्याने ६० मिमी पफ धरलाय आणि माल ४० अंशांचा, आणि रात्रभर कॉम्प्रेसर बॅटरीवर. ६ वाला म्हणाला, "इतकं कुणी विचारत नाही, उद्या सांगतो." उणे ५ ची क्षमता मात्र अजून एकानेही लिहून दिलेली नाही.

बर्फ की बॅटरी हे अजून ठरत नाहीये. घरापासून शेड दीडशे फूट लांब आहे, बॅटरी घरात ठेवली तर केबल केवढी लागेल काका?

निवांत · रविवार, सकाळी ६.१०

डीसी केबल इतक्या लांब नेऊच नका, बरीच वीज तारेत जाईल. बॅटरीबरोबर इन्व्हर्टरही घरात घ्या आणि शेडपर्यंत एसी न्या. पॅनेल कुठे बसणार, शेडवर की घरावर? ते आधी सांगा.